दोनशे किलोमीटरची शिदोरी

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये स्नायू थकण्याआधी बहुतेक वेळा इंधन संपते. पोळी, भात, बटाटा, गूळ यांतून मिळणारी शर्करा शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. नीट जेवणाऱ्या प्रौढ माणसाच्या स्नायूंत हा साठा ३०० ते ५०० ग्रॅम असतो आणि यकृतात आणखी ८० ते १०० ग्रॅम. म्हणजे ढोबळमानाने दोन हजार कॅलरी. चरबीचा साठा याच्या कितीतरी पट मोठा असतो, अगदी सडपातळ माणसातही. पण चरबी सावकाश जळते. संथ पॅडल मारताना ती पुरते, घाट चढताना पुरत नाही. शिवाय मेंदूला रक्तातली साखर लागते आणि ती सांभाळण्याचे काम यकृतातल्या त्या छोट्या साठ्याकडे असते. रात्रभराच्या झोपेत नेमका हाच साठा बराचसा खर्च होतो. स्नायूंतला मात्र जवळजवळ तसाच राहतो.

पुणे ते पाचगणी आणि परत ही हिवाळ्यातली राइड उदाहरणादाखल घेता येईल. कात्रज, शिरवळ, खंबाटकी घाट, सुरूर फाटा, वाई आणि पसरणी घाट असा हा रस्ता. जाऊन-येऊन सुमारे २०० किलोमीटर. ब्रेव्हे म्हणजे बीआरएम या प्रकारात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. ६५ किलो वजनाचा, नियमित सराव असलेला पण शर्यतीत न उतरणारा सायकलस्वार हे अंतर नऊ तास सायकल चालवून आणि दोनेक तास थांबून पार करू शकतो. मध्यम वेगाने त्याचे तासाला ४०० ते ४५० कॅलरी जळतात, म्हणजे दिवसभरात चार हजारांच्या आसपास. यांतला निम्मा भाग चरबीतून आला असे धरले, तरी उरलेल्या दोन हजार कॅलरी शर्करेतूनच याव्या लागतात. म्हणजे काहीही न खाता निघालेल्या माणसाचा साठा हिशेबाने पुण्याच्या वेशीवर संपेल. प्रत्यक्षात तो बराच आधी संपतो, कारण दोन्ही घाटांत श्वास फुलला की चरबीचा वाटा घटतो आणि शर्करेचा वाढतो.

खर्च झाले तितके खाऊन भरून काढावे, असे कोणालाही वाटेल. पण आतड्याला मर्यादा आहे. ग्लुकोज आतड्यातून रक्तात नेणारी यंत्रणा तासाला सुमारे ६० ग्रॅमपर्यंतच माल हलवते. फळांतल्या फ्रुक्टोजसाठी वेगळा मार्ग आहे. दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले तर सराव असलेले खेळाडू तासाला ९० ग्रॅमपर्यंत जातात. साखर आणि गूळ यांत ग्लुकोज व फ्रुक्टोज जोडीनेच असते, त्यामुळे महागड्या जेलमध्ये जे असते त्याचे सार घरच्या डब्यातही असतेच. दिवसभराच्या मध्यम वेगाच्या राइडला ९० ग्रॅमची गरजही नसते. ३० ते ६० ग्रॅम ही पट्टी पुरे, आणि आपल्या सायकलस्वारासाठी ताशी ४५ ग्रॅम हा आकडा धरून चालू. नऊ तासांचे होतात ४०० ग्रॅम, म्हणजे १,६०० कॅलरी. एवढे पोटात गेले तर साठ्यातले बरेच शिल्लक राहते आणि परतीच्या प्रवासातही पाय चालतात. दुपारी भरपेट जेवून हा हिशेब एकदम जुळवता येत नाही. तासाचे ते तासालाच द्यावे लागते.

आदल्या संध्याकाळी काही विशेष करायचे नसते. ‘कार्बो-लोडिंग’च्या नावाखाली ताटभर पास्ता खाण्यापेक्षा नेहमीच्या जेवणात भात वाढवावा आणि तेल, डाळी व भाज्या थोड्या कमी कराव्यात. मऊ वरणभात, त्यावर चमचाभर तूप, बटाट्याची भाजी आणि दोन पोळ्या हे ताट उत्तम. मोडाची मटकी, छोले, कोबी, कोशिंबिरी एरवी कितीही चांगल्या असल्या, तरी त्यांतला चोथा दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात गॅस होऊन त्रास देतो. म्हणून त्या एका रात्रीपुरत्या बाजूला ठेवाव्यात. जेवण आठच्या सुमारास व्हावे, म्हणजे पहाटे भूक लागते.

सहाला निघायचे तर चारला उठून साडेचारपर्यंत खाणे झालेले बरे. खाणे आणि पॅडल यांत दीड-दोन तास राहिले की पोट हलके होते. वजनाच्या दर किलोमागे एक ते दीड ग्रॅम शर्करा हे या वेळचे चांगले माप. ६५ किलोच्या माणसाला ६५ ते १०० ग्रॅम. पाऊण वाटी नव्हे, चांगले दीड-दोन वाट्या कोरडे पोहे (सुमारे ७५ ग्रॅम) घेतले तर त्यांतून ५५ ते ६० ग्रॅम मिळते. त्यावर एक केळे आणि साखरेचा चहा, की माप पूर्ण. पोह्यांत शेंगदाणे मूठभर नकोत, फोडणीचे तेलही बेताचे असावे. ज्यांना इतक्या पहाटे पोहे जात नाहीत त्यांनी रव्याचा कमी तुपातला शिरा, गूळ घातलेली तांदळाची पेज किंवा साबुदाण्याची खीर घ्यावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. अडचण साबुदाण्याची नसून खिचडीतल्या दाण्याच्या कुटाची आणि तुपाची आहे. चारला उठणे जमलेच नाही, तर निघण्यापूर्वी एक केळे आणि दोन खजूर खाऊन उरलेला नाश्ता पहिल्या दोन तासांत वाटून घेता येतो.

खरी चूक होते ती पहिल्या दोन तासांत. कात्रजच्या अलीकडे अंधार असतो, हवेत गारवा असतो, पायांत जोर असतो आणि भूक नसते. मग खिशाला हात जात नाही. साडेआठला शिरवळ येईपर्यंत साठ्यातले शंभरेक ग्रॅम सहज उडालेले असतात आणि ते दिवसभरात भरून निघत नाहीत, कारण आतडे एकदम दुप्पट माल घेऊ शकत नाही. म्हणून पहिला घास निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात घ्यावा आणि पुढे दर वीस-तीस मिनिटांनी दोन-तीन घास. भुकेवर विसंबू नये. मेहनत करताना ती उशिरा कळते. घड्याळाचा किंवा सायकल-कॉम्प्युटरचा गजर लावणारे सायकलस्वार हास्यास्पद वाटतात खरे, पण संध्याकाळी तेच हसत असतात.

खिशात काय असावे याचे उत्तर जुन्या शिदोरीतच सापडते. गुळाची दशमी हा या कामासाठी जवळपास आदर्श पदार्थ आहे. चाळीस ग्रॅम कणीक आणि पंधरा ग्रॅम गूळ एवढ्याची एक दशमी धरली तर तिच्यातून सुमारे ४० ग्रॅम शर्करा मिळते. ती दुधात भिजवलेली असल्याने मऊ राहते, चार तुकडे करून कागदात गुंडाळली की एका हाताने खाता येते, आणि दिवसभर खराब होत नाही. मध्यम आकाराच्या केळ्यातून २५ ग्रॅमच्या आसपास मिळते, छोट्या वेलची केळ्यातून त्याच्या निम्मे. चार-पाच खजूर म्हणजे २५ ते ३० ग्रॅम. बिया मात्र घरीच काढून ठेवाव्यात. राजगिऱ्याच्या लहान लाडवातून १५ ग्रॅमच्या आसपास मिळते, पण तो कोरडा असतो आणि धापा टाकताना घशात अडकतो. पाण्याच्या घोटाबरोबरच खावा. उकडलेला बटाटा मीठ लावून नेला तर दीडशे ग्रॅमच्या बटाट्यातून २५ ते ३० ग्रॅम मिळते, आणि गोड खाऊन कंटाळा आल्यावर त्याची खरी किंमत कळते. ही यादी पाहता एक गंमत लक्षात येते: केळी, खजूर, राजगिरा, बटाटा, साबुदाणा हे सगळे उपवासाचे पदार्थ. एकादशीच्या दिवशी राइड असली तरी श्रद्धाळू सायकलस्वाराचे फारसे अडत नाही, तळलेले वडे आणि दाणे तेवढे टाळले म्हणजे झाले.

दाणे, सुकामेवा, चिक्की यांच्याविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. त्यांत ‘एनर्जी’ भरपूर असते हे खरे, पण शेंगदाण्याचे निम्मे वजन तेलाचे. तेल जठराबाहेर पडायला वेळ लावते आणि त्याच्यासोबत गेलेली साखरही अडकून राहते. मेहनत चालू असताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेले असते, पोटाच्या वाट्याला कमी येते. त्यात सायकलवर माणूस पुढे वाकलेला. अशा पोटावर तेलकट खाणे टाकले की ते तिथेच बसते. रस्त्यावरची मिसळ आणि वडापाव यांचा दोष एवढाच आहे. दहाला मिसळ खाऊन पसरणी घाटाला लागलेल्या माणसाला आंबट ढेकर, जडपणा आणि मळमळ बहुधा घाटातच गाठतात, आणि पोटात अन्न असूनही पायांपर्यंत काही पोहोचत नाही. चिक्कीचा एखादा तुकडा सपाट रस्त्यावर चालतो. मिसळ घरी परतल्यावर.

चढाचे वेळापत्रक वेगळे असते. श्वास फुललेला असताना चावणे आणि गिळणे दोन्ही अवघड, म्हणून खंबाटकीच्या पायथ्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी दोन-तीन खजूर खावेत आणि घाटात फक्त बाटलीतले घोट घ्यावेत. वाईत साधारण अकराच्या आत पोहोचल्यावर तीन इडल्या आणि पातळ सांबार हे चांगले खाणे, कारण इडली वाफवलेली असते, तिच्यात तेल नसते आणि सांबारातून मीठ मिळते. डोसा, मेदूवडा, भजी नकोत. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे थांबून घाट सुरू करावा आणि पहिला टप्पा मुद्दाम हळू चढावा. पाचगणीत अर्धे ताट दहीभात किंवा वरणभात पुरतो. तिथल्या स्ट्रॉबेरी खाव्यात, पण चवीसाठी. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत शर्करा जेमतेम सात-आठ ग्रॅम, बाकी बहुतेक पाणी. उतारावर काही खायचे नाही. दोन्ही हात ब्रेकवर हवेत.

पाण्याचा प्रश्न खाण्यापासून वेगळा काढता येत नाही. हिवाळ्यातही घामावाटे तासाला अर्धा ते एक लिटर पाणी जाते आणि घामाच्या दर लिटरमागे साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम. हे प्रमाण माणसामाणसांत फार बदलते. जर्सीवर, हेल्मेटच्या पट्ट्यांवर पांढरे डाग उमटत असतील तर तो माणूस जास्त मीठ घालवणारा. घरगुती पेय सोपे आहे: एक लिटर पाण्यात सपाट आठ चहाचे चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. यातून ३५ ते ४० ग्रॅम साखर आणि सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. तासाला अर्धा लिटर प्यायले की वीस ग्रॅम शर्करा पेयातूनच येते. उरलेले २५ ग्रॅम खिशातून, म्हणजे एक केळे किंवा अर्ध्याहून थोडी जास्त दशमी. साखर दुप्पट घालून फायदा होत नाही. फार गोड पाणी जठरात थांबते आणि पोट डुचमळू लागते. तसे झाले तर वेग कमी करून काही वेळ साध्या पाण्याचे छोटे घोट घेणे हाच उपाय.

शहाळ्याची ख्याती मोठी आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम बेताचे. घामात उलटे असते. शहाळे प्यावे आणि सोबत मीठ लावलेले काहीतरी खावे. ताकात मीठ घालून घेतले तर ते दुपारी फार उपयोगी पडते, ज्यांना दूध पचत नाही त्यांचा अपवाद. उलट दिशेची चूकही घडते. भीतीपोटी दर थांब्यावर लिटरभर साधे पाणी ढोसणाऱ्याच्या रक्तातले सोडियम पातळ होऊ शकते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, लघवी भरपूर आणि अगदी पाण्यासारखी होणे ही त्याची खूण असू शकते. राइडनंतर वजन घटण्याऐवजी वाढलेले दिसले तर संशय पक्का. भ्रमिष्टासारखे बोलणे सुरू झाले तर पाणी थांबवून थेट दवाखाना गाठावा. तहान लागेल तसे प्यावे, उन्हात त्याहून थोडे पुढे राहावे, एवढा नियम बहुतेकांना पुरतो.

परतीचे तास खाण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड. दुपारचे ऊन, महामार्गाची धूळ, आणि सकाळपासून गोड खाऊन आलेली शिसारी. इथे खारट बटाटा, कमी तेलाचे चुरमुरे, ताक कामाला येते. एखाद्या रसवंतीवर पेलाभर उसाचा रस घेतला तर तीसेक ग्रॅम साखर घोटाघोटाने जाते. त्यात आले आणि लिंबू असले तर मळमळही कमी होते. बर्फ मात्र नको, कारण तो कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही.

तरीही कधीतरी साठा संपतोच. सायकलस्वार त्याला ‘बोंक’ म्हणतात. आधी चिडचिड होते, सोबत्याचा राग येतो, मग हात थरथरतात, थंड घाम फुटतो, सपाट रस्ता चढासारखा वाटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. निव्वळ थकवा हळूहळू वाढतो, हे मात्र अर्ध्या तासात येऊन ठेपते. अशा वेळी सायकल बाजूला घेऊन सावलीत बसावे आणि पटकन शोषली जाणारी साखर तीस-चाळीस ग्रॅम घ्यावी: उसाचा रस, साखरेचे सरबत, किंवा खिशातला गुळाचा खडा पाण्याबरोबर. पंधरा-वीस मिनिटांत डोके स्वच्छ होते. मग केळे किंवा दशमी खाऊन सावकाश निघावे. बरे वाटताच जोर लावणारा तासाभरात पुन्हा खाली बसतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हे सगळे हिशेब वेगळे असतात. त्यांनी लांब राइडचे खाणे आणि औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

घरी पोहोचल्यावर काय आणि किती घाईने खायचे, हे दुसऱ्या दिवशी काय आहे यावर ठरते. सकाळी पुन्हा सायकलवर बसायचे असेल, म्हणजे पुण्याहून गोव्याकडे टप्प्याटप्प्याने जाण्यासारखा बेत असेल, तर पहिले तीन-चार तास मोलाचे. त्या वेळात स्नायू ग्लायकोजेन सर्वांत वेगाने भरतात. दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक ग्रॅम शर्करा घ्यावी: आल्याआल्या साखर घातलेले पेलाभर दूध आणि दोन केळी, मग तासाभराने जेवण. दुसरा दिवस विश्रांतीचा असेल तर एवढी धावपळ नको. नेहमीची दोन-तीन जेवणे चोवीस तासांत तेच काम करतात.

स्नायूंच्या डागडुजीला प्रथिने लागतात. एका वेळी वीस ग्रॅमच्या आसपास पुरतात आणि शाकाहारी स्वयंपाकघरात ती सहज मिळतात. शंभर ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम मुगाची डाळ यांच्या मऊ खिचडीतून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने आणि शंभरच्या वर ग्रॅम शर्करा मिळते. वाटीभर दही घेतले की आकडा वीसच्या पुढे जातो. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर. डाळीत जे कमी ते तांदळात. वर पापड आणि लोणचे असले की घामातून गेलेले मीठही परत येते. ज्यांना जास्त भूक असते त्यांनी पनीर घ्यावे. शंभर ग्रॅममध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात.

पाणी किती प्यायचे ते वजनकाटा सांगतो. निघताना आणि परतल्यावर वजन करावे आणि घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पेय पुढच्या काही तासांत थोडेथोडे घ्यावे, एकदम नाही. साध्या पाण्यापेक्षा जेवणासोबत, ताकासोबत किंवा सारासोबत घेतलेले पाणी शरीरात जास्त टिकते. वजनात दोन टक्क्यांहून अधिक घट दिसली, म्हणजे ६५ किलोच्या माणसात सव्वा किलोपेक्षा जास्त, तर पुढच्या राइडला बाटली अधिक वेळा तोंडाला लावायला हवी. आणि यातला कोणताही पदार्थ पहिल्यांदा खायचा असेल तर तो दोनशे किलोमीटरच्या दिवशी खाऊ नये. आधी रविवारच्या साठ-सत्तर किलोमीटरच्या राइडमध्ये खाऊन पाहावा.